कागदावर पाणी वाढलं, बोअरमध्ये नाही: एका ४–२० मिलिअँपिअर लूपचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यातली डाळिंबाची बाग. ओळख पटू नये म्हणून गाव आणि माणसांची नावं देत नाही. बागेची सगळी मदार एका बोअरवर. खोली ९० मीटर, म्हणजे जवळपास तीनशे फूट, आणि पंपाचं तोंड ८२ मीटरवर. काळ्या पाषाणात भेगा जिथे लागतात तिथूनच पाणी येतं, त्यामुळे उन्हाळ्यात पंप चालू केला की पातळी झपाट्याने खाली जाते. आदल्या वर्षी पंप कोरडा चालून मोटर जळाली होती. मोटर बाहेर काढणं, रिवाइंडिंग आणि तेवढ्या दिवसांत बागेला न मिळालेलं पाणी, असा तिहेरी फटका बसला होता.

म्हणून मालकांच्या मुलाने जानेवारीत बोअरमध्ये पाण्यात बुडणारा प्रेशर ट्रान्समीटर सोडला. हेतू दोन: पाण्याची पातळी वर्षभर नोंदवायची आणि पाणी फार खाली गेलं की पंप आपोआप बंद करायचा. मला बोलावलं ते जुलैमध्ये, तोपर्यंत सहा महिने यंत्रणा चालू होती.

मांडणी कशी होती

हा सेन्सर खोली मोजत नाही. तो स्वतःच्या डोक्यावर किती पाणी आहे त्याचा दाब मोजतो. एक मीटर पाण्याचा दाब सुमारे ९.८ किलोपास्कल. सेन्सर ० ते १०० मीटर पाण्याच्या पल्ल्याचा होता. दाबाचा आकडा तो करंटच्या रूपात सांगतो: पुरवठा, सेन्सर आणि वाचणारं यंत्र दोन तारांनी एकाच वेढ्यात जोडलेले असतात, यालाच लूप म्हणतात. डोक्यावर पाणी शून्य असेल तर लूपमधून ४ मिलिअँपिअर, १०० मीटर असेल तर २०. मधल्या १६ मिलिअँपिअरमध्ये १०० मीटर बसतात, म्हणून दर मीटरला ०.१६ मिलिअँपिअर.

सेन्सर केसिंगच्या तोंडापासून ७५ मीटरवर, पंपाच्या तोंडाच्या सात मीटर वर टांगला होता. त्यासाठी कॉलम पाइपला लागून सव्वा इंची पाइप सोडून त्यातून केबल खाली नेली होती. हे काम मुलाने फार विचाराने केलं होतं. वेगळा पाइप असल्यामुळे पंप न उचलता सेन्सर वर ओढता येतो, आणि केबल पंपाच्या वायरींत अडकत नाही.

केबलबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याशी जोडलेलं आहे. तिच्यात दोन वायरींबरोबर एक बारीक हवेची नळी असते. पाण्यावर हवेचाही दाब असतो आणि तो दिवसभर बदलत राहतो. ही नळी बाहेरची हवा सेन्सरच्या पडद्याच्या मागच्या बाजूला पोहोचवते, मग दोन्हीकडचा हवेचा दाब एकमेकांना रद्द करतो आणि उरतो फक्त पाण्याचा. नळीचं वरचं टोक मोकळ्या आणि कोरड्या हवेत असलं पाहिजे. मोकळ्या आणि कोरड्या, या दोन्ही अटी एकाच वेळी पाळायच्या असतात.

सेन्सरसोबत आलेली केबल ८० मीटरची. बोअरपासून पंपघर ६० मीटर लांब. म्हणून बोअरच्या तोंडाशी जमिनीपासून वीतभर उंचीवर एक प्लॅस्टिकचा जंक्शन बॉक्स लावून तिथे जोड दिला आणि पुढे साधी दोन तारांची शिल्डेड वायर पंपघरात नेली. लूपची खरी सोय इथेच असते. व्होल्टेज पाठवलं असतं तर लांबीप्रमाणे ते घटलं असतं. करंट मात्र सगळ्या लूपमधून सारखाच वाहतो. ६० मीटर जाऊन-येऊन वायरचा रोध चार-पाच ओहम, त्याने काही बिघडत नाही.

पंपघरात २४ व्होल्टचा पुरवठा, १५० ओहमचा अचूक रेझिस्टर आणि त्यावरचं व्होल्टेज वाचायला १६ बिटचा `ADS1115`. ४ मिलिअँपिअरला ०.६ व्होल्ट, २० ला ३.० व्होल्ट. चिप ३.३ व्होल्टवर चालत होती, म्हणून नेहमीच्या २५० ओहमऐवजी १५० घेणं बरोबर होतं. २५० ने ५ व्होल्ट आले असते आणि चिप गेली असती. हिशेब एवढाच:

```
mA       = volt / 150.0 * 1000.0
column_m = (mA - 4.0) / 16.0 * 100.0
depth_m  = 75.0 - column_m
```

`column_m` ३ मीटरच्या खाली गेलं, म्हणजे पाणी ७२ मीटरवर उतरलं, की पंप बंद. ३.६ मिलिअँपिअरच्या खाली किंवा २१ च्या वर गेलं की "सेन्सर बिघाड". वायर तुटली तर करंट शून्य होतो आणि शून्य मीटर पाण्याशी त्याची गल्लत होत नाही, कारण रिकाम्या बोअरलाही ४ असतात.

जानेवारीत सेन्सर सोडताना मुलाने मीटर लावून पाहिलं होतं: हवेत ४.०० आणि पाण्यात शिरल्यावर दर पाच मीटरला ०.८ ची वाढ. पूर्ण टांगल्यावर ११.०४ मिलिअँपिअर, म्हणजे ४४ मीटर पाणी, म्हणजे पातळी जमिनीखाली ३१ मीटर. टेप सोडून मोजली तरी तीच. ही नोंद त्याने वहीत लिहून ठेवली होती, आणि जुलैमध्ये मला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला.

अडचण

जूनच्या शेवटी दोन चांगले पाऊस झाले. त्यानंतर मोबाइलवर पातळी वर चढताना दिसू लागली. पंप बंद असतानाची पातळी ४६ मीटरवरून आठवडाभरात ३८.५ वर आली. घरात आनंद झाला, बागेचं पाणी वाढवलं. कुणालाही शंका आली नाही, आणि का यावी? पाऊस पडला की बोअर भरतो, हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं. चूक आपल्याला हव्या असलेल्या दिशेने झाली की ती शोधायला कुणी जात नाही.

मग एके सकाळी मालकांच्या आईने सांगितलं, "पाइपातून पाणी फेसाळतंय, मधेच फुसकन हवा येतीय." मुलाने मोबाइल पाहिला तर सेन्सरवर साडेसात मीटर पाणी दिसत होतं. त्याने तरीही हाताने पंप बंद केला. आईच्या कानावर विश्वास ठेवला म्हणून मोटर वाचली.

शोध कसा घेतला

पहिली गोष्ट मी आलेखात पाहिली. पंप चालू असताना सेन्सरवरचं पाणी उतरत उतरत ७.५ मीटरला येतं आणि तिथून पुढे अर्धा-पाऊण तास रेष सपाट. उपसा आणि आवक सारखे झाले तरही रेष सपाट होते, पण तेव्हा ती हळूहळू वाकत सपाट होते आणि थोडी हलत राहते. इथे ती खाली येता येता एकदम फरशीला टेकल्यासारखी थांबली होती. याचा अर्थ पाणी सेन्सरच्या खाली गेलं आहे आणि सेन्सर हवेत लटकतो आहे. हवेतल्या सेन्सरचे ४.०० मिलिअँपिअर असायला हवेत. ७.५ मीटर म्हणजे ५.२०. वरचे १.२ कुठून आले, एवढाच प्रश्न उरला.

खात्रीसाठी टेप सोडली. पंप थांबवून पाणी स्थिर झाल्यावर टेपवर ४६ मीटर, मोबाइलवर ३८.५. फरक ७.५. म्हणजे जास्त पाण्यातही चूक तेवढीच. चुकीचा आकार बरंच काही सांगतो. रेझिस्टरची किंमत चुकीची असती तर करंट जेवढा जास्त तेवढी चूक मोठी झाली असती. टांगण्याची खोली चुकीची धरली असती तर चूक पहिल्या दिवसापासून असती, आणि रेष फरशीला टेकली तरी करंट ४.०० च राहिला असता. इथे चूक कायम तेवढीच, पण पावसानंतर सुरू झालेली. लूपमध्ये सेन्सरशिवाय आणखी कुठूनतरी करंट वाहत होता.

पुढच्या तीन तपासण्या क्रमाने केल्या आणि क्रम महत्त्वाचा होता. आधी पंपघरात लूप तोडून मल्टिमीटर मालिकेत लावला. मीटरचा आकडा आणि मोबाइलवरून काढलेला करंट एकच, म्हणून रेझिस्टर, चिप आणि प्रोग्रॅम निर्दोष. मग बोअरपाशी जाऊन सेन्सरची प्लस वायर टर्मिनलमधून सोडवली. आता लूप उघडं आहे, करंट शून्य हवा. पंपघरात थांबलेला मुलगा ओरडला, "साहेब, एक पॉइंट दोन!" सेन्सर जोडलेलाच नाही आणि तरी १.२ मिलिअँपिअर. शेवटी मीटर प्लस टर्मिनल आणि सेन्सरची सोडवलेली प्लस वायर यांच्यामध्ये मालिकेत लावला आणि बोअर उपसून पाणी सेन्सरखाली आणलं, तर ४.०० बरोबर.

बॉक्स उघडा होताच. आत तळाशी ओल, आणि शेजारी-शेजारी असलेल्या प्लस-मायनस टर्मिनलांमध्ये हिरवट-पांढरा थर. ठिबकमधून सोडायच्या खताची टाकी दोन फुटांवर, तिचे शिंतोडे आणि पावसाचं पाणी मिळून चांगली वाहक पेस्ट तयार झाली होती. २४ व्होल्टला १.२ मिलिअँपिअर म्हणजे साधारण २० किलोओहमचा रोध सेन्सरला समांतर बसला होता. मल्टिमीटरच्या ओहम रेंजवर हाच आकडा एका जागी ठरत नव्हता. ओल्या थरावर मीटरचं अल्प व्होल्टेज लावलं की असं होतं, म्हणून अशी गळती चालू व्होल्टेजवर करंटनेच मोजावी.

३.६ आणि २१ च्या मर्यादा वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर सांगतात. ओल आली तर त्या गप्प राहतात, कारण गळतीचा करंट मर्यादांच्या आतच असतो. प्लस आणि मायनसमधली गळती नेहमी पाणी जास्त दाखवते आणि पंप कोरडा चालू देते. पुरवठ्याची शून्य बाजू जमिनीशी जोडलेली असेल आणि मायनस वायर जमिनीत गळत असेल तर उलट होतं: काही करंट रेझिस्टर चुकवून जातो आणि पाणी कमी दिसतं. त्यात पंप विनाकारण थांबतो, पण जळत नाही.

समोरचे पर्याय

गावातल्या इलेक्ट्रिशियनने सरळ उपाय सुचवला: टर्मिनल साफ करायचे, झाकणाच्या कडेने आणि केबल शिरते तिथे सिलिकॉन भरायचं. खर्च नाही, तासाभराचं काम. मी हवेच्या नळीचा मुद्दा मांडला. पण बागेला पाण्याची घाई होती आणि दुसरा बॉक्स यायला दिवस लागणार होते, तेव्हा तात्पुरतं म्हणून तेच करायचं ठरलं. त्या निर्णयाने काय होतं ते पाहायला मिळालं, म्हणून तो इथे नोंदवतो.

दुसरा पर्याय १४० मीटर अखंड केबलचा नवा सेन्सर मागवण्याचा. जोडच नाही तर ओल कुठे शिरणार? तांत्रिकदृष्ट्या हा सगळ्यात चांगला. पण चांगल्या चालणाऱ्या सेन्सरची किंमत पुन्हा मोजायची आणि केबलची लांबी कारखान्यातूनच करून यावी लागते, म्हणजे थांबणं आलं.

तिसरा: बोअरपाशीच मोजून आकडे वायरलेसने पाठवायचे. त्यात इलेक्ट्रॉनिक्स उन्हात आणि ओलीत नेऊन ठेवावं लागलं असतं, म्हणजे आजार तोच आणि रोगी जास्त नाजूक. हा लगेच सोडला.

चौथा: जोड ठेवायचा, पण बॉक्स कोरडा राहील आणि श्वासही घेईल असा करायचा.

सिलिकॉनने काय झालं

गळती थांबली. पंप हाताने चालू ठेवून बोअर उपसल्यावर ४.०० आले, टेपशी मेळ बसला. पण ऑगस्टमध्ये ऊन पडू लागल्यावर आलेखात रोज दुपारी पातळी ४०-५० सेंटिमीटर खाली जायची आणि रात्री पुन्हा वर यायची.

मुलाचा तर्क चांगला होता: शेजारच्यांचे बोअर चालू झाले की आपली पातळी उतरते. तिथल्या शेतीच्या फीडरला वीज तेव्हा आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळत होती, म्हणून ते तपासणं सोपं होतं. रात्रपाळीचा आठवडा आला, शेजारचे पंप रात्री चालले, आणि घसरण मात्र दुपारीच राहिली. म्हणजे तिचा संबंध विजेशी नव्हता, उन्हाशी होता.

कारण बॉक्समधल्या कोंडलेल्या हवेत होतं. इथे हवेचा दाब साधारण ९५० हेक्टोपास्कल. बंद बॉक्समधली हवा १५ अंशांनी तापली तर तिचा दाब पाच टक्क्यांनी, म्हणजे ४७-४८ हेक्टोपास्कलने वाढतो. नळीतली काही हवा बोअरच्या गारव्यात असते म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण ४० हेक्टोपास्कल म्हणजेही ४० सेंटिमीटर पाणी. हा वाढलेला दाब नळीतून सेन्सरच्या मागच्या बाजूला पोहोचतो, सेन्सर तो वजा करतो, आणि पाणी कमी झाल्यासारखं दिसतं. दुपारी अडीचला मी बॉक्समध्ये केबल शिरते तिथलं एक ग्लँड सैल केलं. मिनिटभरात आकडा ४० सेंटिमीटरने वर आला. बोअरमधलं पाणी तर जागचं हललं नव्हतं.

४० सेंटिमीटरने पंपाचं संरक्षण बिघडत नाही हे खरं. पण कोंडलेल्या बॉक्सचा दुसरा धोका मोठा आहे. रात्री हवा गार होऊन आकसते, बॉक्स बाहेरून दमट हवा ओढू पाहतो, सिलिकॉनला कुठेतरी चीर असतेच, आणि आत गेलेली वाफ थेंब होऊन नळीत उतरते. नळीत पाण्याचा थेंब अडकला तर तो काढणं शेतावर जवळपास अशक्य.

केलेलं काम

चौथा पर्याय पक्का केला. खत-टाकीपासून दूर, छातीच्या उंचीवर लोखंडी खांब, त्यावर पत्र्याची सावली आणि नवा बॉक्स. सगळ्या केबल खालून आत आणल्या आणि बॉक्सखाली त्यांना झोल दिला, म्हणजे केबलवरून ओघळणारं पाणी झोलाच्या तळाशी टपकून जातं. बॉक्सच्या खालच्या बाजूला हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा पडद्याचा ब्रीदर. आत सिलिका जेलची पुडी, आणि नळीचं टोक तिच्याजवळ वर तोंड करून मोकळं. वायरींचे जोड जेलवाल्या कनेक्टरमध्ये, प्लस आणि मायनस बॉक्सच्या दोन टोकांना. जेल नळीच्या तोंडाला लागणार नाही हे मी दोनदा पाहिलं.

केबल केसिंगच्या तोंडाशी तारेने करकचून बांधलेली होती, तीही सोडवून रुंद क्लँपने टांगली. तारेने केबल चेपली की आतली नळी मिटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी वाढवल्या. पंप चालू असताना पातळी आधी उतरत होती आणि मग दहा मिनिटं दोन सेंटिमीटरसुद्धा हलली नाही, तर पंप बंद करून मेसेज पाठवायचा. या बोअरला उपसा-आवक इतकी तंतोतंत जुळत नाही हे सहा महिन्यांच्या नोंदींवरून दिसत होतं, म्हणून ही अट इथे चालते. भरपूर पाण्याच्या विहिरीला ती लावू नये. दुसरी गोष्ट, करंटचा कच्चा आकडाही मीटरसोबत साठवायचा. मीटरमध्ये ७.५ हा आकडा साधा वाटतो, ५.२० मिलिअँपिअरची फरशी मात्र लगेच डोळ्यात भरते.

आणि स्टार्टरमध्ये मोटरचा करंट पाहणारा अंडरलोड रिले बसवला. पंप कोरडा पडला की मोटरवरचा भार उतरतो आणि करंट घटतो. या रिलेला सेन्सर, केबल, बॉक्स यांपैकी कशाचीच गरज नाही. माझ्या मते एवढ्या किमतीच्या मोटरचं संरक्षण एकट्या लूपवर सोडणं योग्य नव्हतंच.

परिणाम

सप्टेंबरपासून दुपारची घसरण गेली. दिवसभरात राहिलेला चढउतार दोन-चार सेंटिमीटरचा, आणि या पल्ल्याच्या सेन्सरकडून त्याहून बारीक काही अपेक्षित नाही. अर्धा टक्का अचूकता म्हणजे १०० मीटरवर ५० सेंटिमीटर. टेपशी फरक त्याच्या बराच आत राहिला. परतीच्या पावसात पातळी खरोखर वर आली, आणि या वेळी टेपनेही तेच सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

सेन्सर मागवतानाच बोअर ते पंपघर हे अंतर धरून केबल सांगितली असती, तर वाढीव केबलचा खर्च या सगळ्या उद्योगापेक्षा कमी पडला असता. निर्णयाचा हा सर्वात स्वस्त क्षण होता.

पल्ल्याचाही विचार वेगळा होऊ शकला असता. ० ते ५० मीटरचा सेन्सर घेतला असता तर त्याच १.२ मिलिअँपिअरची चूक पावणेचार मीटर झाली असती. पण चांगल्या पावसाळ्यात सेन्सरवर ५० मीटरपेक्षा जास्त पाणी येतं आणि तेव्हाची नोंद हाती लागली नसती. वर्षभराची नोंद हवी असल्यामुळे १०० चा पल्लाच बरोबर होता, असं मला अजूनही वाटतं.

सिलिकॉनचा तात्पुरता उपाय करायचाच होता तर नळीचं टोक बॉक्सबाहेर काढून, उलटं वाकवून, सिलिका जेलच्या छोट्या डबीत सोडता आलं असतं. घाईतही ते जमण्यासारखं होतं.

आता तिथे दर दोन महिन्यांनी सेन्सर पाण्याच्या वर ओढून हवेतला करंट वहीत लिहितात. ४.०० पासून ०.०५ ने जरी सरकला, तरी बॉक्स उघडायचा आणि सिलिका जेलचा रंग पाहायचा. उन्हाळ्यात तर सेन्सर ओढायचीही गरज पडत नाही. ३ मीटरची अट थोडा वेळ बाजूला ठेवून पंपाने पाणी सेन्सरखाली नेलं की आलेखाची फरशी किती मिलिअँपिअरवर आहे तेवढं वाचलं की झालं.